द्विवचन सरावपत्रिका (संस्कृत)

संस्कृतातली द्विवचनी नामं आणि क्रियापदं घोटून घेणारे प्रश्न, सोबत उत्तरसूची. शाळेत सगळे वर्कशीटच म्हणतात. विदर्भातल्या खेड्यांत नववी-दहावीच्या ज्या मुलांची रूपं पाठ झालीत पण वाक्य जुळवताना अडतात, त्यांच्यासाठी ही कामाची.

मुलं अडतात कारण मराठीत द्विवचनच नाही. ते नेमकं कधी गेलं यावर एकमत नाही. हेमचंद्राने बाराव्या शतकात प्राकृताचा नियमच दिला, ‘द्विवचनस्य बहुवचनम्’, म्हणून काही जण तिथून सांगायला लागतात, पण अशोकाच्या गिरनार लेखात, म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या आसपास, ‘द्वो मोरा’ असं आहे, दोन मोर आणि रूप मात्र अनेकवचनी, त्यामुळे बोलण्यातून ते फार आधी गेलं असावं हेच जास्त पटतं. मेळघाटातल्या कोरकू भाषेत मात्र द्विवचन आजही आहे (‘कोरकू’ हा शब्द स्वतः अनेकवचनी, त्यातला ‘कू’ प्रत्यय), तिथल्या मुलांना ‘दोघांसाठी वेगळं रूप’ हे समजावताना घरच्या भाषेचा आधार घ्यावा.

मराठीत ‘दोन बैल जातात’, म्हणून मुलगा ‘द्वौ वृषभौ गच्छन्ति’ लिहितो. ‘द्वौ’ बघून नाम बरोबर येतं, क्रियापद मराठीच्या वळणाने जातं. बरोबर उत्तर ‘गच्छतः’. ही चूक पकडायची तर प्रश्नातून ‘द्वौ’ काढून टाकायचं आणि ‘वृषभौ ___ (गम्)’ एवढंच द्यायचं, मग कोणी नुसतं अंदाजाने लिहितंय ते लगेच दिसतं. तसंच ‘रामः कृष्णः च ___’, इथे दोन्ही नामं एकवचनी म्हणून मुलं ‘गच्छति’ लिहितात, पाहिजे ‘गच्छतः’.

उत्तरसूचीत खरी गडबड होते ती एकाच रूपाच्या अनेक विभक्तींची. ‘वृषभाभ्याम्’ तृतीया, चतुर्थी आणि पंचमी तिन्ही आहे, त्यामुळे नुसता शब्द देऊन विभक्ती विचारली तर तिन्ही उत्तरांना मार्क द्यावे लागतात. ‘कृषकः वृषभाभ्यां क्षेत्रं कर्षति’ असं पूर्ण वाक्य दिलं की तृतीयाच. ‘फले’चंही तसंच, ‘वृक्षे फले स्तः’ मध्ये दोन फळं, ‘फले कीटः अस्ति’ मध्ये सप्तमी एकवचन, आणि फरक सांगतं ते क्रियापद.

संधी हा शेवटचा सापळा. पाणिनीच्या ‘ईदूदेद्द्विवचनं प्रगृह्यम्’ (१.१.११) प्रमाणे ई, ऊ, ए ने संपणाऱ्या द्विवचनाचा पुढच्या स्वराशी संधी होत नाही, म्हणून ‘बालिके अत्र पठतः’ हे तसंच सुटं राहतं. ‘बालिकेऽत्र’ छापलं असेल तर मुलाचं नाही, उत्तरसूचीचं चुकलंय. औकारान्ताला ही सूट नाही, ‘वृषभौ अत्र’चं ‘वृषभावत्र’ होतं.