मधेच कुणी उठून बोललं तर: तीन वाक्यं आणि स्लाइडवरचं बोट

दोन वर्षांपूर्वी कोथरूडला ज्येष्ठ नागरिकांच्या एका ग्रुपसमोर मी भूजलावर बोलत होतो, म्हणजे पुण्याखालचा बेसाल्ट, त्याच्या भेगा, बोअरला पाणी कुठे लागतं आणि कुठे नाही वगैरे. पंधरा मिनिटं मस्त चाललं होतं आणि तिसऱ्या रांगेतले एक काका उभे राहिले. "हे सगळं पुस्तकी आहे हो! आमच्या गावाला पाणाड्याने तळहातावर नारळ धरला, तो जिथे उभा राहिला तिथेच बोअर घेतली, दीडशे फुटावर पाणी. काय म्हणतं तुमचं सायन्स?" हॉलमधे हशा. मी "नाही नाही, ऐका ना काका" करत लगेच भिडलो, ते अजून भिडले, मागून आणखी दोघं आपापल्या गावचे पाणाडे घेऊन आले, दहा-बारा मिनिटं तशीच गेली आणि परत स्लाइडकडे वळलो तर मी कुठे होतो हेच आठवेना.

घरी येऊन सुचली उत्तरं. एकदम झकास. जिन्यातच तीन सुचली होती.

ती तिथे का सुचली नाहीत याचं उत्तर कपाळामागे आहे. मेंदूच्या पुढच्या भागाला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात, शब्द निवडणं, तोंडावर ताबा ठेवणं, आपण कुठवर आलो ते धरून ठेवणं ही कामं बरीचशी तिथली. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांनी या भागावर वर्षानुवर्षं काम केलंय, अचानक ताण आला की नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि डोपामिन ही मेंदूतली रसायनं भसकन वाढतात आणि हाच भाग ढिला पडतो, जुन्या सवयी मात्र जोरात चालू राहतात. म्हणजे हजरजबाबीपणा जेव्हा हवा तेव्हाच त्याचं दुकान बंद. (काही लोकांचं नसतं बंद, माहितीये. माझं असतं.)

शिवाय घाई. आपण गप्पा मारतो तेव्हा एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात साधारण ०.२ सेकंदाची फट असते, २००९ साली दहा वेगवेगळ्या भाषांमधे हे मोजलंय. त्यामुळे दोन सेकंद गप्प राहिलो तरी आपल्याला वाटतं आपण हरलो, आणि तोंडात येईल ते पहिलं वाक्य बाहेर पडतं.

मग उपाय काय, तर त्या क्षणी विचार करायची वेळच येऊ द्यायची नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने नव्वदच्या दशकात "जर-तर" प्लॅन ही कल्पना मांडली. "मी शांत राहीन" हा नुसता संकल्प झाला. "अमुक घडलं, तर मी तमुक करीन" हा प्लॅन, यात एक खूण एका कृतीला आधीच बांधून ठेवलेली असते, खूण दिसली की कृती जवळजवळ आपोआप येते. २००६ मधे त्याने आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या आणि परिणाम मध्यम ते चांगला निघाला. २००९ च्या एका प्रयोगात तर कोळ्यांना घाबरणारी माणसं घेतली होती. "मी घाबरणार नाही" एवढंच ठरवलेल्यांपेक्षा "कोळी दिसला तर मी शांत आणि रिलॅक्स राहीन" असं ठरवलेल्यांना कोळ्यांचे फोटो बघताना कमी भीती वाटली. काकांना कोळी म्हणत नाहीये मी, पण छातीतली धडधड तीच.

खूण मात्र नेमकी पाहिजे. "कुणी त्रास दिला तर" ही खूण नाही, कारण त्रास होतोय का हे ठरवायलाच परत डोकं लागतं. "मी बोलत असताना कुणी हात वर न करता मोठ्याने बोललं तर" ही खूण, ती कानाला कळते. आणि खुणेला बांधलेली पहिली कृती शब्दांची नाही, शरीराची: थांबायचं, बोट कार्डावरच्या चालू मुद्द्यावर किंवा स्लाइडवर ठेवायचं, आणि सावकाश श्वास सोडायचा. श्वास सोडताना मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमुळे हृदयाचे ठोके जरा मंदावतात, आणि तेवढ्यात दोन सेकंदही होऊन जातात. तुम्हाला ती युगासारखी वाटतील, ऐकणाऱ्यांना वाटतं माणूस विचार करतोय.

बोट कशाला? तर २०१४ चा एक प्रयोग आहे, एरिक ऑल्टमन आणि सहकाऱ्यांचा. ठरलेल्या क्रमाने करायच्या कामात लोकांना सरासरी फक्त ४.४ सेकंदांसाठी मधेच दुसरीकडे वळवलं तर परत आल्यावर क्रम चुकण्याचं प्रमाण तिप्पट झालं. साडेचार सेकंद फक्त! "काय म्हणतं तुमचं सायन्स" एवढं म्हणायलाही तेवढा वेळ पुरतो. म्हणजे काकांना उत्तर चांगलं दिलं तरी भाषण घसरायचं ते परत येताना घसरतं, म्हणून जागा डोक्यात ठेवायची नाही, बोटाखाली ठेवायची.

आता वाक्यं. मी तीनच लिहिली. पहिल्या वाक्यात त्यांचा मुद्दा त्यांच्याच शब्दांत: "काका म्हणतायत की नारळाने पाणी सापडलं, दीडशे फुटावर." यात "पण" नाही घालायचा, "पण" आला की भांडण सुरू. दुसऱ्यात वेळ आणि जागा: "शेवटी दहा मिनिटं प्रश्नांना ठेवलीत, त्यात पहिला नंबर तुमचा." तिसरं परतीचं: "तर आपण भेगांपाशी होतो." तिसऱ्याच्या वेळी नजर काकांवर ठेवायची नाही, हॉलच्या दुसऱ्या टोकाला न्यायची, नाहीतर ते पुढचं वाक्य टाकतातच.

पाठ मनात वाचून होत नाही. बायकोला सांगितलं, मी बोलताना कधीही, न सांगता, मधे बोल (हे काम तिने फारच आनंदाने केलं). पहिल्या तीन-चार वेळा मी दुसरं वाक्यच विसरत होतो, आठव्या वेळेपर्यंत बोट आपोआप कार्डावर जायला लागलं. स्क्रिप्ट बिघडतेय हे कळतं कसं? तुम्ही चौथं वाक्य बोलताय, किंवा "नाही" ने सुरुवात करताय, किंवा आवाज चढलाय. यातलं एक जरी झालं तरी तिथेच सोडून परतीचं वाक्य घ्यायचं, अर्धवट का असेना.

आणि ही स्क्रिप्ट सगळ्याला लावायची नाही. कुणी "आवाज येत नाहीये" किंवा "आकडा चुकलाय" म्हणालं आणि तुम्ही "प्रश्न शेवटी" म्हणालात तर उद्धट तुम्हीच. आकडा दुरुस्त करा, थँक्यू म्हणा, पुढे चला. दुसऱ्या टोकाला प्यायलेला किंवा अंगावर येणारा माणूस, ते वाक्यांचं काम नाही, आयोजकांशी आधीच ठरवून ठेवायचं की मी माइक खाली ठेवला की तुम्ही उठायचं.

गेल्या हिवाळ्यात धायरीला परत तेच भाषण होतं. काका वेगळे, नारळ तोच. थांबलो, बोट, श्वास, तीन वाक्यं, वीसेक सेकंदांत परत भेगांमधे. शेवटी शब्द पाळला, पहिला माइक त्यांना दिला आणि विचारलं, "काका, पाणी लागलेली बोअर सांगितलीत, तुमच्या गावात नारळावर घेतलेल्या कोरड्या किती गेल्या?" काकांनी बोटं मोजली. म्हणाले, "चार-पाच असतील की. पण तो पाणाड्या वेगळा होता."