‘सर्व’ हे सर्वनाम का राहिले नाही? विशेषणाच्या प्रकारांमागची गोष्ट

ठाणे-वाशीच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे सर्वाधिक अडखळतात ते गुणवाचक विशेषणात नाही, तर ‘एवढे डबे’ आणि ‘काही डबे’ यांत. दोन्ही शब्द प्रमाण सांगतात. मग पहिला सार्वनामिक आणि दुसरा संख्यावाचक कसा? याचे उत्तर पाठांतरात सापडत नाही, त्यासाठी थोडे मागे जावे लागते.

संस्कृत परंपरेत विशेषण ही शब्दाची वेगळी जात नव्हती. यास्कांनी नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चारच वर्ग मानले, आणि ‘सुंदर’सारखा शब्द नामातच बसे. पाणिनीचे सूत्र आहे ‘सर्वादीनि सर्वनामानि’ (१.१.२७), म्हणजे ‘सर्व’ने सुरू होणाऱ्या यादीतले शब्द ती सर्वनामे. या यादीत तद्, किम्, अस्मद् आहेत, तसेच एक आणि द्वि हेही आहेत. अर्थ पाहिला तर ही मोट विचित्र वाटते, पण कसोटी रूपाची होती. रामचे ‘रामाय’ होते, पण सर्वचे ‘सर्वस्मै’, एकचे ‘एकस्मै’, तद्चे ‘तस्मै’.

मराठीत ही ‘स्मै’ची खूण उरली नाही. आपण ‘सर्वांना’ म्हणतो तसेच ‘चांगल्यांना’ म्हणतो. रूपाचा आधार गेला आणि अर्थ व वाक्यातले काम एवढेच हाती राहिले. त्यात १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण आले. इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीवर शब्दांच्या जाती पाडण्याची पद्धत शाळेत रुजली आणि विशेषणाला स्वतंत्र घर मिळाले. ‘सर्व’, ज्याच्या नावावर सर्वनाम हा शब्दच उभा आहे, तो आज शालेय व्याकरणात अनिश्चित संख्याविशेषण म्हणून शिकवला जातो. ‘एक’ आणि ‘दोन’ गणनावाचकांत गेले.

खरी अडचण इथेच निर्माण झाली. गुणवाचक आणि संख्यावाचक हे प्रकार अर्थावरून पाडले आहेत, तर सार्वनामिक हा प्रकार शब्दाच्या मुळावरून. दोन वेगळ्या मोजपट्ट्या एकाच यादीत बसल्या, म्हणून एखादा शब्द दोन्हीकडे ओढला जातो. आमच्या मते ही वर्गीकरणातलीच फट आहे, विद्यार्थ्याची चूक नव्हे.

ती सांभाळण्यासाठी आधी एक गोष्ट ठरवावी: शब्द विशेषण आहे की सर्वनाम? विभक्तीचा प्रत्यय कोणावर पडतो ते पाहावे. ‘तो आला’ हे ‘त्याला बोलव’ होते, प्रत्यय शब्दावरच पडला, म्हणून सर्वनाम. ‘तो मुलगा आला’ हे ‘त्या मुलाला बोलव’ होते, प्रत्यय नामाने घेतला, म्हणून विशेषण. ‘तो’ दोन्हीकडे सारखाच दिसतो, त्यामुळे वाक्य असे फिरवल्याशिवाय निर्णय करू नये.

विशेषण ठरले की आधी मूळ पाहावे, मग अर्थ. हा, तो, जो यांसारखे नामाआधी आलेले शब्द आणि माझा, तुझा, त्याचा ही सरळच सार्वनामिक. बाकीच्यांसाठी शिडी लावावी: हा-एवढा, तो-तेवढा, जो-जेवढा, कोण-केवढा. शब्द या शिडीवर चढला तर सार्वनामिक, मग तो प्रमाण का सांगेना. ‘असा-तसा-जसा’ची शिडीही अशीच. ‘काही’चे नाते ‘काय’शी असले, तरी त्याची अशी रांग लागत नाही, ‘सर्व’ची आणि ‘इतर’चीही लागत नाही. म्हणून त्यांचा अर्थ बघितला जातो, आणि ते अनिश्चित संख्येत जातात. शिडीवर न बसलेला जो शब्द मोजणी, क्रम वा पट सांगत नाही, तो गुणवाचक.

आता ठाण्याचेच वाक्य घेऊ. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या गाडीबद्दल: ‘ती पहिली गाडी ठाण्याला आली, तिला चौदा डबे होते, एवढे डबे पाहून काही लोक चकित झाले.’

‘ती’ फिरवली की ‘त्या गाडीला’ होते, म्हणून सार्वनामिक विशेषण. ‘पहिली’ क्रम सांगते, म्हणून क्रमवाचक संख्याविशेषण. ‘तिला’मध्ये प्रत्यय शब्दावरच आहे, म्हणून ते सर्वनामच. ‘चौदा’ गणनावाचक. ‘एवढे’ शिडीवर चढते, म्हणून सार्वनामिक. ‘काही’ चढत नाही, म्हणून अनिश्चित संख्याविशेषण. ‘चकित’ लोकांची अवस्था सांगते, ते गुणवाचक, आणि नामानंतर आले म्हणून विधिविशेषण. स्थान बदलले तरी प्रकार बदलत नाही.

‘पहिली’बाबत एक सावधगिरी. ‘ती वर्गात पहिली आली’ यात क्रमवाचक आहे, पण ‘पहिल्यांदा आली’ यात शब्द क्रियेकडे वळला, तिथे तो क्रियाविशेषण झाला.