घड्याळावरचे व्हॉइस मेमो

मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाच्या मायक्रोफोनमध्ये बोलून केलेले छोटे ध्वनिमुद्रण आणि ते नंतर जोडलेल्या फोनवर ऐकण्याची सोय, असा या प्रथेचा अर्थ आहे. फोन खिशातून काढणे अवघड असते तेव्हा तिचा खरा उपयोग होतो: हात भरलेले असताना, चालता-पळताना, किंवा फोन बरोबरच नसताना. बोलायला काही लागत नाही, लाल बटण एकदा दाबायचे आणि थांबताना पुन्हा दाबायचे. अडचण येते ती नंतर, फोनवर मेमो शोधताना. पुढील विवेचन मुख्यतः अ‍ॅपल वॉच आणि आयफोन या जोडीबद्दल आहे. इतर घड्याळांचा उल्लेख शेवटी येतो.

अ‍ॅपल वॉचवर `Voice Memos` हे अ‍ॅप २०१९ साली, वॉचओएस ६ बरोबर आले. त्यापूर्वी हे काम करण्यासाठी दुसऱ्यांनी बनवलेली अ‍ॅप घ्यावी लागत. अ‍ॅप घड्याळातल्या यादीतून उघडता येते, पण रोज वापरणारे लोक त्याचे छोटे चिन्ह घड्याळाच्या दर्शनी पडद्यावरच लावून ठेवतात. नाही तर अ‍ॅप सापडेपर्यंत बोलायचे तेच विसरते. मुद्रण थांबवल्यावर मेमो अ‍ॅपच्या यादीत दिसतो. तो तिथेच वाजवता येतो, १५ सेकंद मागे-पुढे नेता येतो, त्याला नाव देता येते किंवा तो पुसता येतो. मनगटावर नाव देणे हा मात्र कष्टाचा प्रकार आहे, आणि बहुतेक मेमो `New Recording` आणि पुढे एक आकडा अशा नावानेच राहतात. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये `Location-based Naming` सुरू असेल तर ध्वनिमुद्रणांना जागेचे नाव मिळते. तेही फारसे उपयोगी पडत नाही, कारण माणूस बहुतेक वेळा त्याच दोन-तीन जागी बोलतो.

आवाजाच्या दर्जाबद्दल एवढेच सांगण्यासारखे आहे की मायक्रोफोन नेमका कुठे आहे हे माहीत असावे. २०१८ च्या सीरीज ४ पासून तो मुकुटाच्या, म्हणजे फिरवायच्या बटणाच्या बाजूला आहे; त्याआधी तो स्पीकरबरोबर विरुद्ध बाजूला होता. लांब बाहीचा कपडा त्यावर आला की आवाज दबतो. पोहून आल्यावर किंवा हात धुतल्यावर लगेच केलेले मुद्रण घोगरे येते, कारण छिद्रात पाणी असते. ते थोड्या वेळाने सुकते.

आता मूळ मुद्दा. घड्याळावर केलेला मेमो आधी घड्याळाच्याच साठवणीत जातो. फोन शेजारी नसला किंवा बंद असला तरी मुद्रण होते ते यामुळेच. त्यानंतर तो आयक्लाउडच्या खात्यामार्फत त्या माणसाच्या इतर उपकरणांवर पोचतो. त्यासाठी दोन अटी आहेत. एक, घड्याळ आणि फोन यांवर एकच अ‍ॅपल खाते असले पाहिजे. दोन, फोनच्या `Settings` मध्ये सर्वांत वर असलेल्या स्वतःच्या नावावर, तेथून `iCloud` वर, आणि तेथील अ‍ॅपांच्या पूर्ण यादीत `Voice Memos` समोरची कळ सुरू असली पाहिजे. त्याच खात्याची जागा भरलेली असेल तर देवाणघेवाण अडते. फुकट मिळणारी जागा ५ जीबी आहे, आणि फोटोंचा व फोनच्या बॅकअपचा भार असेल तर ती लवकर संपते. मेमोंचा स्वतःचा भार नगण्य असतो. सेकंदाला ६४ किलोबिट असा वेग धरला तर एका मिनिटाचे मुद्रण अर्ध्या एमबीपेक्षाही थोडे कमी भरते.

घड्याळाला बाहेरच्या जगाशी जोडणारे मार्ग तीन. आयफोन जवळ असेल तर ब्लूटूथ, कारण त्यात बॅटरी कमी लागते. फोन दूर असेल तर ओळखीचे वाय-फाय, म्हणजे ज्या जाळ्यावर पूर्वी जोडणी झालेली आहे ते. आणि घड्याळात सिमची सोय व तिची योजना सुरू असेल तर मोबाइलचे जाळे. सार्वजनिक ठिकाणचे, आधी वेबपानावर लॉगिन मागणारे वाय-फाय घड्याळाला साधारणपणे उपयोगी पडत नाही. म्हणून फोन घरी ठेवून, सिम नसलेल्या घड्याळावर केलेला मेमो परत येईपर्यंत घड्याळातच असतो. तो हरवलेला नसतो, निघालेला नसतो इतकेच.

मेमो निघाला की नाही हे ओळखण्यासाठी घड्याळाचे कंट्रोल सेंटर पाहावे. वॉचओएस १० पासून ते कडेचे लांबट बटण दाबून उघडते. जुन्या आवृत्त्यांत खालून वर सरकवावे लागे. तेथे हिरवे फोनचे चिन्ह दिसले तर फोनशी जोडणी आहे, लाल दिसले तर तुटलेली आहे. जोडणी तुटलेली असताना फोनवर कितीही शोधले तरी उपयोग नाही. ती पूर्ववत झाल्यावर दोन्ही उपकरणे शेजारी ठेवून थोडा वेळ द्यावा, घड्याळ चार्जरवर असल्यास उत्तम. लोक याच वेळी उतावळे होऊन फोनवरचे अ‍ॅप वारंवार बंद-चालू करतात. त्याने देवाणघेवाण लवकर होते असे मानायला आधार नाही.

पण मेमो फोनवर पोचूनही न सापडणे, हा प्रकार जास्त गोंधळात टाकणारा आहे. फोनवरच्या यादीत मुद्रणे ती केली त्या तारखेप्रमाणे लागतात, फोनवर कधी पोचली त्याप्रमाणे नव्हे. त्यामुळे उशिरा आलेला मेमो यादीच्या माथ्यावर न येता मधेच कुठे तरी बसतो, आणि माथ्यावर नजर टाकून यादी बंद करणाऱ्याला तो आला नाही असेच वाटते.

एक उदाहरण घेऊ. मंगळवारी सकाळी ६:४० ला एक माणूस फोन घरी ठेवून फिरायला गेला आहे. घड्याळात सिम नाही. त्याने चार मिनिटांचा मेमो केला आणि लाल बटण दाबून थांबवला. घरी पोचण्याआधीच घड्याळाची बॅटरी संपली. घड्याळ टेबलावर पडून राहिले. बुधवारी दुपारी त्याने फोनवर दोन स्वतंत्र मुद्रणे केली. बुधवारी रात्री घड्याळ चार्जरवर लावले. गुरुवारी सकाळी मनगटावर चढवून त्याने पासकोड टाकला. घड्याळ बंद होऊन पुन्हा सुरू झाले की पासकोड टाकावाच लागतो, आणि तो टाकला नाही तर पुढचे काही होत नाही. फोन शेजारीच होता. काही वेळाने मंगळवारचा मेमो फोनवर आला. त्याने गुरुवारी `Voice Memos` उघडले तेव्हा वरची दोन नावे बुधवारची होती. त्याखाली, तिसऱ्या जागी, मंगळवारचा मेमो आहे, `New Recording` आणि एक आकडा अशा नावाने. त्याला आठवत होता बोललेला विषय, नाव नाही. अशा वेळी वेळ आणि लांबी हे दोनच दुवे उरतात: मंगळवार सकाळ, चार मिनिटे. ते दोन्ही जुळणारे नाव वाजवून पाहिले की काम झाले.

यादी शंभर-दोनशे मुद्रणांची असेल तर असे शोधणे कंटाळवाणे होते. त्यासाठी फोनवर एक तयार कप्पा आहे. २०२० साली आयओएस १४ मध्ये मुद्रणांसाठी फोल्डर आले, आणि त्यांतच आपोआप भरणारे काही फोल्डरही आले. त्यांपैकी `Watch Recordings` मध्ये केवळ घड्याळावर केलेली मुद्रणे दिसतात. अ‍ॅप उघडल्यावर थेट सर्व मुद्रणांची यादी समोर येत असेल तर डाव्या कोपऱ्यातल्या मागे जाण्याच्या बाणाने फोल्डरांची यादी दिसते. हा बाण पुष्कळांच्या लक्षातच येत नाही, म्हणून हा कप्पा अस्तित्वात असूनही वापरला जात नाही. वरच्या उदाहरणातल्या माणसाने तेथे पाहिले असते तर त्याचा मेमो बुधवारच्या दोन मुद्रणांच्या आड गेला नसता, कारण ती तेथे येतच नाहीत.

शोधण्याच्या चौकटीत नाव टाइप करता येते, पण नाव न दिलेल्या मेमोसाठी ती निरुपयोगी. २०२४ च्या आयओएस १८ पासून आयफोन १२ आणि त्यानंतरच्या फोनवर मुद्रणाचा लिखित मजकूर तयार होतो. ही सोय ठरावीक भाषांपुरतीच आहे. इतर भाषेत बोललेल्या मेमोसाठी तिच्यावर विसंबू नये. त्यापेक्षा मेमो फोनवर आल्या दिवशीच त्याला दोन शब्दांचे नाव द्यावे. मोठ्या कीबोर्डवर ते सोपे असते, आणि बदललेले नाव घड्याळावरही पोचते.

लोक चुकीच्या जागी शोधतात, हेही वारंवार घडते. घड्याळावर सिरीला सांगून केलेली आठवण `Reminders` मध्ये अक्षररूपात जाते. तो ध्वनी नसतो. संदेशातून पाठवलेला आवाज `Messages` मध्ये असतो. आणि व्हॉइस मेमो फोनच्या `Files` अ‍ॅपमध्ये आपोआप दिसत नाही. तो तेथे हवा असेल तर मेमोच्या शेअर यादीतून `Save to Files` निवडावे लागते, मग तो एम४ए फाइल म्हणून उतरतो आणि संगणकावर किंवा इतर कोणत्याही अ‍ॅपला देता येतो.

पुसण्याच्या बाबतीत सावध राहावे. एकाच खात्यावर जोडलेल्या उपकरणांत मेमो एकीकडे पुसला की दुसरीकडूनही जातो. घड्याळात जागा करण्यासाठी पुसलेली यादी म्हणजे फोनवरची यादीही गेली. पुसलेली मुद्रणे `Recently Deleted` या फोल्डरात जातात आणि नेहमीच्या मांडणीत ३० दिवस तेथे राहतात. सेटिंग्जमध्ये ही मुदत कमी-जास्त करता येते, अगदी लगेच पुसण्यापर्यंत. म्हणून एखादा मेमो यादीत नसेल तर घड्याळावर पाहण्याआधी या फोल्डरात डोकावावे. तसेच नवे घड्याळ घेताना किंवा जुने विकताना जोडणी तोडली की घड्याळ कोरे होते. त्याआधी घड्याळावरची यादी आणि फोनवरचा `Watch Recordings` कप्पा शेजारी ठेवून ताडून पाहावेत, विशेषतः शेवटच्या काही दिवसांतले मेमो.

इतर घड्याळांवर तत्त्व हेच असले तरी जागा बदलते. सॅमसंगच्या गॅलेक्सी वॉचवर `Voice Recorder` नावाचे अ‍ॅप असते आणि मुद्रणे फोनवरच्या त्याच नावाच्या अ‍ॅपमध्ये पाहावी लागतात. गूगलने २०२४ साली पिक्सेल वॉच ३ बरोबर `Recorder` घड्याळावर आणले. तेथून मुद्रण पिक्सेल फोनवरच्या `Recorder` मध्ये जाते आणि त्याचा लिखित मजकूर फोन तयार करतो. दुसऱ्या कंपनीचे अ‍ॅप घड्याळावर वापरले असेल तर ते मुद्रण घड्याळाच्या मूळ अ‍ॅपच्या कप्प्यात येत नाही. फोनवरही तेच अ‍ॅप उघडावे लागते.