आयएनआर (वॉरफरिन घेणाऱ्यांच्या संदर्भात)

वॉरफरिन घेणाऱ्या माणसाचे रक्त गोठायला सामान्यापेक्षा किती जास्त वेळ लागतो, हे सांगणारा आकडा म्हणजे आयएनआर. पूर्ण नाव इंटरनॅशनल नॉर्मलाइज्ड रेशो. प्रयोगशाळेच्या अहवालावर तो बहुधा ‘पीटी-आयएनआर’ असा जोडीने छापलेला असतो. वॉरफरिन न घेणाऱ्या निरोगी माणसात तो 1 च्या आसपास असतो. त्यामुळे वॉरफरिनवरच्या माणसाच्या अहवालात 2.5 च्या शेजारी ‘सामान्यापेक्षा जास्त’ अशी खूण दिसली तर घाबरायचे कारण नाही. ती खूण औषध न घेणाऱ्यांच्या मोजपट्टीवरची आहे, आणि रक्त सामान्यापेक्षा उशिरा गोठावे म्हणूनच तर गोळी दिलेली असते.

चाचणीत रक्तातील द्रवभागात थ्रोम्बोप्लास्टिन नावाचा अभिकर्मक घालतात आणि गुठळी धरायला किती सेकंद लागतात ते मोजतात. ही वेळ म्हणजे पीटी. अडचण अशी की प्रत्येक उत्पादकाच्या अभिकर्मकाची तीव्रता वेगळी असते, त्यामुळे एकच रक्त दोन प्रयोगशाळांत वेगवेगळे सेकंद दाखवते. म्हणून प्रत्येक अभिकर्मकाला आयएसआय हा संवेदनशीलतेचा अंक देतात आणि गणित असे करतात:

```
INR = (रुग्णाचा PT ÷ सामान्य PT) ^ ISI
```

समजा सामान्य वेळ दोन्हीकडे 12 सेकंद आहे. एका प्रयोगशाळेत आयएसआय 1.2 आहे आणि रक्त 24 सेकंदांनी गोठले. दुसरीकडे आयएसआय 1.0 आहे आणि त्याच रक्ताला 27.6 सेकंद लागले. सेकंदांत फरक दिसतो, पण आयएनआर दोन्हीकडे 2.3 च येतो. डॉक्टर सेकंदांकडे फारसे न बघता थेट आयएनआर विचारतात, ते यासाठी.

आकडा किती असावा हे आजारावर ठरते. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी (एट्रियल फिब्रिलेशन) किंवा पायातील अथवा फुप्फुसातील गुठळीसाठी वॉरफरिन चालू असेल तर उद्दिष्ट साधारणपणे 2 ते 3. हृदयातील मिट्रल झडपेच्या जागी कृत्रिम धातूची झडप बसवलेली असेल तर बहुधा 2.5 ते 3.5, कारण तिथे गुठळी धरण्याचा धोका मोठा असतो. 2 च्या खाली गुठळीचा धोका वाढत जातो; 4 च्या पुढे रक्तस्रावाचा धोका झपाट्याने चढतो. आपला पट्टा कोणता हे आपल्याच कागदावर लिहून घ्यावे. शेजाऱ्याचा पट्टा आपल्याला लागू होत नाही.

आकडा का हलतो, हे कळायला औषधाची चाल समजून घ्यावी लागते. वॉरफरिन रक्ताला थेट काहीच करत नाही. ‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नाव तसे फसवेच आहे. यकृत रक्त गोठवणारे काही घटक बनवते (दोन, सात, नऊ आणि दहा क्रमांकाचे), आणि ते कामाचे व्हायला त्याला के जीवनसत्त्व लागते. वापरून झालेले हे जीवनसत्त्व शरीर पुन्हा ताजे करून घेते. वॉरफरिन नेमके हे ताजे करणे अडवते. मात्र आधीच रक्तात फिरणारे घटक आपापल्या गतीने संपतात: सातवा घटक काही तासांत निम्मा होतो, तर दुसऱ्याला निम्मे व्हायला अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून आज बदललेल्या डोसचा परिणाम दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो आणि पुरता कळायला आठवडाभर जातो. आजचा आकडा मागच्या काही दिवसांची गोष्ट सांगत असतो, हे विसरून रोज डोस मागेपुढे करत राहिले की आयएनआर झोके घेऊ लागतो.

आहाराचा संबंध इथेच येतो. गडद हिरव्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असते. (मराठीत ‘क’ जीवनसत्त्व म्हणजे व्हिटॅमिन सी, आणि त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, ऐकताना हा घोळ हमखास होतो.) रोज पालेभाजी खाणाऱ्याचा डोस त्या भाजीसकट बसवलेला असतो. त्याने भाजी एकदम सोडली तर आयएनआर चढतो. एरवी न खाणाऱ्याने आठवडाभर रोज वाडगा भरून खाल्ली तर उतरतो. म्हणून पालेभाज्या बंद करण्याचा सल्ला चुकीचा ठरतो. के जीवनसत्त्व कमी खाणाऱ्यांत तर थोड्याशा बदलानेही आकडा जास्त हलतो. प्रमाण साधारण सारखे ठेवणे, एवढेच पथ्य.

आजारपणात मात्र तीन-चार कारणे एकदम येतात. समजा 64 वर्षांच्या बाई अनियमित ठोक्यांसाठी रोज 5 मिलिग्रॅम घेतात आणि कित्येक महिने आयएनआर 2.4 च्या आसपास आहे. त्यांना ताप आणि जुलाब सुरू झाले. दुसऱ्या दिवशी मेट्रोनिडॅझोल या प्रतिजैविकाचा सात दिवसांचा कोर्स मिळाला. चार दिवस पोटात जवळपास फक्त पाणी आणि पेज. वॉरफरिन मात्र नेमाने चालू. सहाव्या दिवशी दात घासताना हिरडीतून येणारे रक्त दहा मिनिटे थांबेना आणि दंडावर, कुठे आपटल्याचे आठवत नसताना, काळानिळा डाग दिसला. तपासणीत आयएनआर 5.8.

इथे काय झाले? खाणे बंद, म्हणून के जीवनसत्त्वाची आवक थांबली, आणि जुलाबांमुळे जे मिळाले तेही नीट शोषले गेले नाही. तापात गोठवणारे घटक जास्त वेगाने झिजतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, वॉरफरिनचा निचरा करणारे यकृतातील विकर मेट्रोनिडॅझोलने मंदावले, त्यामुळे तीच 5 मिलिग्रॅमची गोळी मोठ्या डोससारखी वागू लागली. को-ट्रायमॉक्सॅझोल आणि फ्लुकोनॅझोल ही औषधेही असेच करतात. रिफाम्पिसिन उलटे: निचरा वाढवून आकडा खाली ओढते.

मोठा रक्तस्राव नसल्याने डॉक्टरांनी दोन दिवस गोळी थांबवली आणि आठव्या दिवशी पुन्हा तपासले: 3.4. कोर्स त्याच दिवशी संपत होता, जेवण सुरू झाले होते, म्हणून जुनाच 5 मिलिग्रॅमचा डोस सुरू करून चार दिवसांनी पुन्हा रक्त घेतले. चूक होते ती इथेच: 5.8 पाहून डोस कायमचा 3 मिलिग्रॅमवर आणला असता, तर तीनेक आठवड्यांनी, आजाराची सगळी कारणे ओसरल्यावर, तोच आकडा 1.5 वर सापडला असता. तात्पुरत्या कारणासाठी कायमचा डोस बदलायचा नसतो. या बाईंच्या बाबतीत खरी चूक आणखी आधीची होती. प्रतिजैविक लिहून देताना वॉरफरिनचा उल्लेख झाला असता, तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशीच आयएनआर बघितला गेला असता.

काळे डांबरासारखे शौच, लाल लघवी, न थांबणारे रक्त, डोक्याला मार किंवा अचानक तीव्र डोकेदुखी असेल तर आकड्याची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे, कारण पट्ट्यात बसणाऱ्या आयएनआरवरही रक्तस्राव होऊ शकतो.