सक्शनआधी सलाईन टाकायचं का?

"बाबांचा कफ घट्ट झालाय, सक्शनच्या आधी दरवेळी गळ्यातल्या ट्रेकिऑस्टॉमीच्या, म्हणजे ट्रॅकच्या, नळीत सलाईनचे थेंब टाकायचे ना?"

नाही, दरवेळी नको. घट्ट कफात सलाईन मिसळतच नाही, बराचसा भाग खाली फुफ्फुसात जातो, नळीला चिकटलेले जंतूही सोबत ढकलले जातात, आणि ऑक्सिजन खाली येऊ शकतो. पेशंट जोरात खोकतो म्हणून आपल्याला वाटतं कफ सुटला.

कफ घट्ट होतो कारण हवा नाकातून न जाता थेट नळीत जाते, कोरडीच. म्हणून नळीवर एचएमई फिल्टर, म्हणजे श्वासातला ओलावा धरून आत जाणारी हवा ओलसर ठेवणारा फिल्टर, लावा, ओला झाला की बदला, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल तर सलाईनचं नेब्युलायझेशन द्या, पण तेव्हा एचएमई काढून ठेवा. सक्शन करताना कॅथेटर आत नेताना बंद, बाहेर काढताना चालू, सगळं मिळून 10-15 सेकंदात, आणि नळीच्या लांबीपेक्षा खोल नाही.

आता समजा रात्री शिट्टीसारखा आवाज येतोय आणि कॅथेटर मध्येच अडतोय. जोर लावू नका, आधी आतली नळी काढा, बहुतेकदा वाळलेला कफ तिथेच चिकटलेला असतो, धुतलेली स्पेअर लगेच बसवा (काढलेली नंतर सलाईन आणि छोट्या ब्रशने साफ करा, म्हणूनच स्पेअर कायम उशाशी हवी). तरीही कॅथेटर जात नसेल, ओठ निळे पडत असतील, किंवा छाती आत ओढली जात असेल तर लगेच 108 ला फोन करा, आणि अख्खी नळी बदलायचं ट्रेनिंग घेतलं असेल तर ॲम्ब्युलन्सची वाट न बघता बदला.