वृत्तसंस्थेची बातमी कानासाठी लिहिताना: आकडे आणि नावे

आमच्याकडून बातमीपत्राची संहिता किंवा संपादन घेणाऱ्या इंटरनेट रेडिओ केंद्रांसाठी आणि परदेशातल्या मराठी कार्यक्रमांसाठी हे माहितीपत्रक आहे. भारतातल्या खासगी एफएम आणि सामुदायिक केंद्रांना स्वतःचे बातमीपत्र करण्याची मुभा नाही. आकाशवाणीचे बातमीपत्र घेतले तर ते जसेच्या तसे लावावे लागते, त्यामुळे पुढे सांगितलेली काटछाट त्या बातम्यांना लावू नये.

वृत्तसंस्था बातमी पाठवते ती वर्तमानपत्रासाठी, म्हणजे डोळ्यांसाठी. वाचणारा अडला तर मागे जाऊन आकडा पुन्हा पाहतो. ऐकणाऱ्याला ती सोय नसते. एक आकडा समजून घेण्यात तो गुंतला की पुढचे अर्धे वाक्य निसटते. म्हणून परिच्छेद नुसता छोटा करून भागत नाही, त्याची मांडणीच बदलावी लागते. ती कशी, हे एका बातमीवरून दाखवतो. महाराष्ट्र विधानसभेच्या २०२४ च्या निकालाचा हा परिच्छेद वृत्तसंस्थेच्या धाटणीत आम्हीच नमुन्यासाठी लिहिला आहे. आकडे मात्र खरे आहेत.

"मुंबई, दि. २३ – महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी २० नोव्हेंबर रोजी झालेल्या निवडणुकीत भाजप (१३२), शिवसेना (५७) व राष्ट्रवादी काँग्रेस (४१) यांच्या महायुतीने २३० जागा जिंकत स्पष्ट बहुमत मिळवले, तर शिवसेना (उबाठा) २०, काँग्रेस १६ व राष्ट्रवादी (शप) १० अशा ४६ जागांवर महाविकास आघाडीला समाधान मानावे लागले. शिरपूरमधून भाजपचे काशिराम पावरा १,४५,९४४ मतांच्या, तर साकोलीतून काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले अवघ्या २०८ मतांच्या फरकाने विजयी झाले."

आधी आकडे मोजा

पेन्सिल घ्या आणि प्रत्येक आकड्याभोवती गोल करा. इथे तेरा गोल होतात, तेही दोन वाक्यांत. त्यातला 'वीस' दोनदा येतो, एकदा तारीख म्हणून आणि एकदा जागा म्हणून. कागदावर हे खटकत नाही, पण कानावर दोन्ही वीस एकमेकांत मिसळतात. तारखेचा वीस सहज काढता येतो: मतदान बुधवारी झाले, तेव्हा हवे तर 'बुधवारी' म्हणा. निकालाच्या दिवशी 'दि. २३' च्या जागी 'आज' येते. तुमचे बातमीपत्र ध्वनिमुद्रित असेल आणि लोक ते दुसऱ्या दिवशीही ऐकत असतील, तर 'आज' ऐवजी 'शनिवारी' लिहा.

मग प्रत्येक गोलाला एकच प्रश्न विचारा: हा आकडा गाळला तर बातमी बदलते का? महायुतीच्या २३० आणि एकूण २८८ यांच्याशिवाय बातमी उभीच राहत नाही. पक्षनिहाय सहा आकडे मात्र एका दमात ऐकून कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. इथे एक पथ्य पाळावे लागते. एका बाजूच्या तिन्ही पक्षांचे आकडे दिले आणि दुसऱ्या बाजूच्या एकाचाच दिला, तर ते पक्षपाती ऐकू येते, आणि तशी तक्रार आली तर ती रास्त असते. म्हणून दोन्ही बाजूंची बेरीज आणि दोन्हीकडच्या सर्वांत मोठ्या पक्षाचा आकडा एवढेच ठेवावे. सहाही आकडे हवे असतील तर ते 'पक्षनिहाय निकाल' म्हणून वेगळे, सावकाश वाचावेत.

कोणता आकडा ढोबळ करायचा, कोणता नाही

'मोठा आकडा ढोबळ करावा' हा नियम अर्धाच खरा आहे. पटोले यांचे २०८ मतांचे अंतर 'सुमारे दोनशे' केले तर बातमीतला जीवच जातो, कारण इथे आकड्याचे लहानपण हीच बातमी आहे. तो नेमकाच हवा. पावरा यांच्या बाबतीत सांगायचे आहे ते आघाडीचे मोठेपण. 'एक लाख पंचेचाळीस हजार नऊशे चव्वेचाळीस' ऐकताना लोक 'नऊशे' पाशीच थकतात, आणि शेवटच्या चव्वेचाळीसने कोणाला काही नवे कळत नाही.

पण त्याचे काय करायचे? सर्वांत जवळचा गोल आकडा 'जवळपास एक लाख सेहेचाळीस हजार'. अडचण अशी की याच बातमीत महाविकास आघाडीच्या जागाही सेहेचाळीस आहेत. चार वाक्यांच्या अंतरात तोच शब्द दोनदा आला की ऐकणारा दोन्ही गोष्टी एकमेकींना जोडू पाहतो. म्हणून 'एक लाख पंचेचाळीस हजारांहून जास्त' असे घ्यावे. तेही खरेच आहे. आता कोणी बहुमतासाठी लागणाऱ्या १४५ जागांचा उल्लेख घातला, तर पंचेचाळीसची तीच अडचण होईल. त्या वेळी दोन्हीपैकी एक गाळा.

मराठी संख्यांची अडचण खास आपली आहे. आपण एकक आधी बोलतो आणि दशक मागून, शिवाय दशकाचा भाग जोडशब्दात विरघळून जातो. सत्त्याऐंशी आणि सत्त्याण्णव, शहाऐंशी आणि शहाण्णव, एकोणसाठ आणि एकोणसत्तर या जोड्या मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर जवळजवळ सारख्याच ऐकू येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टच्या जोडीला 'साठ तीन' असे वाचन आले, तेव्हा बराच वाद झाला होता. वर्गात त्याचा उपयोग असेल, पण बातमीत 'साठ तीन जागा' हे दोन वेगळे आकडे वाटतात. रेडिओवर त्रेसष्टच म्हणा, फक्त सावकाश. आकडा महत्त्वाचा असेल तर त्याच्या शेजारी असे एखादे वाक्य ठेवा की जे आकडा चुकीचा ऐकला तरी अर्थ सावरून घेईल. २८८ पैकी २३० म्हणजे दर पाच जागांमागे जवळपास चार. परदेशात वाढलेल्या ज्या मुलांना 'अठ्ठ्याऐंशी' पटकन उलगडत नाही, त्यांनाही याच वाक्याचा आधार होतो.

दशांशाचा सर्वांत घातक नमुनाही याच निवडणुकीत आहे. मतदान ६६.०५ टक्के झाले. 'सहासष्ट पूर्णांक शून्य पाच' मधले 'शून्य' गिळले गेले की ते साडेसहासष्ट होते. सरळ 'सहासष्ट टक्के' म्हणा. अपूर्णांकांत दीड आणि अडीच निर्धास्त वापरा. 'पावणे' मात्र घड्याळापुरते ठेवा. 'पावणेतीन कोटी' मधले पावणे हलके पडले तर थेट पंचवीस लाखांचा फरक होतो.

कंसाला आवाज नसतो

'शिवसेना (उबाठा)' आणि 'राष्ट्रवादी (शप)' हे लिहिणाऱ्याने जागा वाचवण्यासाठी केले आहे. निवेदक कंस गाळतो, आणि मग एकाच बातमीत दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी उरतात. उपाय सोपा आहे: नेत्याचे नाव आधी, पक्ष नंतर. 'उद्धव ठाकरे यांची शिवसेना' हे एकदाच ऐकून कळते.

इंग्रजी बातमीवरून काम करत असाल तर नावे जास्त काळजीने तपासा. Pawara हे घाईत 'पवार' वाचले जाते, आणि निकालाच्या दिवशी बातमीपत्रात पवार आधीच भरपूर असतात. Patole चे 'पाटोळे' होते. शिरपूर आणि शिरूर हे दोन्ही विधानसभेचे मतदारसंघ आहेत, आणि कानाला त्यांत फरक एका 'प'चाच. म्हणून गावाआधी जिल्हा सांगा: धुळे जिल्ह्यातले शिरपूर, भंडारा जिल्ह्यातले साकोली. पद असेल तर तेही नावाच्या आधी यावे, म्हणजे नाव येईपर्यंत ऐकणाऱ्याचे कान तयार होतात.

हाती आलेली संहिता

"विधानसभा निवडणुकीत महायुतीला मोठं बहुमत मिळालं आहे. दोनशे अठ्ठ्याऐंशी जागांपैकी दोनशे तीस जागा महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांनी जिंकल्या. म्हणजे दर पाच जागांमागे जवळपास चार. यात भारतीय जनता पक्षाच्या जागा सर्वाधिक, एकशे बत्तीस आहेत.

महाविकास आघाडीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून सेहेचाळीस जागा मिळाल्या. त्यात उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेच्या सर्वाधिक, वीस जागा आहेत.

काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष नाना पटोले भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीमधून निवडून आले, पण फक्त दोनशे आठ मतांनी. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरमध्ये मात्र भारतीय जनता पक्षाचे काशिराम पावरा एक लाख पंचेचाळीस हजारांहून जास्त मतांनी जिंकले."

मूळच्या तेरा आकड्यांतले सात उरले, आणि प्रत्येकाच्या शेजारी जागा, मते किंवा पक्ष असा आधाराचा शब्द आहे. दोन आकडे कुठेही पाठोपाठ येत नाहीत. क्रमही बदलला आहे: पटोले आधी आणि पावरा नंतर, कारण दोनशे आठ ऐकल्यावर लाखाचा आकडा आपोआप मोठा वाटतो. आम्ही मिनिटाला साधारण ११० शब्द धरतो, त्या हिशोबाने हे जेमतेम पाऊण मिनिटाचे होते. अर्ध्या मिनिटाचीच जागा असेल तर शेवटचा परिच्छेद काढा, वाचनाचा वेग वाढवू नका.

कागदावर उतरवताना

निवेदकाच्या प्रतीत आकडे अक्षरी लिहा. अंकी आकडे फक्त संपादकाच्या प्रतीत, मूळ बातमीशी ताडून पाहण्यासाठी ठेवा. 'एक लाख' एका ओळीच्या शेवटी आणि 'पंचेचाळीस हजार' पुढच्या ओळीत असे होऊ देऊ नका. निवेदक तिथे नकळत थांबतो आणि ऐकणाऱ्याला आकडा एक लाखावर संपल्यासारखा वाटतो. वाक्य एका पानावरून दुसऱ्या पानावर जाऊ नये. परदेशी बातमीतले मिलियन आणि बिलियन संपादकाच्या टेबलावरच लाख-कोटींत करून घ्या: एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. निवेदकावर हे गणित सोपवले की शून्य चुकते.

शेवटची तपासणी कानानेच करा. बातमी न वाचलेल्या सहकाऱ्याला ती एकदाच ऐकवा, स्टुडिओच्या हेडफोनवर नाही तर फोनच्या स्पीकरवर, आणि लक्षात राहिलेले आकडे व नावे लिहून द्यायला सांगा. त्याने २८८ चे २९८ लिहिले किंवा शिरपूरचे शिरूर, तर चूक त्याची नाही. ते वाक्य पुन्हा लिहा.

आमच्याकडे मजकूर पाठवताना वृत्तसंस्थेची मूळ बातमी, प्रसारणाची वेळ आणि बातमीला दिलेले सेकंद कळवा. एखाद्या नावाचा उच्चार तुमच्या भागात वेगळा असेल तर तोही देवनागरीत लिहून पाठवा.