बाटली हुबेहूब येते, मग लेबलच का बिघडतं?

इमेज बनवणाऱ्या कुठल्याही एआय मॉडेलला "काचेची तपकिरी बाटली, लाकडी टेबलावर, सकाळचं ऊन" असं सांगितलं की बाटली मस्त येते, फक्त ती तुमची नसते. मान जरा लांब होते, खांद्याचा उतार वेगळाच असतो आणि लेबलवर बऱ्याचदा अक्षरांसारखं दिसणारं काहीतरी असतं जे वाचायला गेलं की काहीच नाही. ब्रँडवाल्यांना हे चालत नाही, कारण गिऱ्हाईक बाटली आकारावरूनच ओळखतं. म्हणून मग आपल्याच प्रॉडक्टच्या फोटोंवर एक छोटं मॉडेल ट्रेन करायचं, ज्याला सगळे लोरा म्हणतात.

लोराची आयडिया २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी मांडली, तीही भाषेच्या मॉडेलसाठी, इमेजवाल्यांनी ती नंतर उचलली. मूळ मॉडेलला हात लावायचा नाही, त्याच्या शेजारी एक बारीकशी दुरुस्ती ठेवायची. समजा मॉडेलच्या एका थरात १२८० बाय १२८० आकड्यांचा तक्ता आहे, म्हणजे १६,३८,४०० आकडे. ते सगळे बदलण्याऐवजी दोन अरुंद पट्ट्या घ्यायच्या, एक १२८० बाय १६ आणि दुसरी १६ बाय १२८०, त्यांचा गुणाकार मूळ तक्त्यात मिळवायचा आणि ट्रेनिंगमध्ये फक्त या पट्ट्याच बदलायच्या. दोन्ही मिळून ४०,९६० आकडे, बरोबर चाळिसावा भाग. तो १६ म्हणजे रँक, आणि एका बाटलीसाठी १६ ते ३२ रँक साधारण पुरते. त्याच्याही पुढे गेलं की मॉडेल बाटली सोडून फोटोच पाठ करायला लागतं.

दुसरा धागा २०२२ च्या ड्रीमबूथ नावाच्या पद्धतीचा, गूगलच्या संशोधकांचा. त्यांनी दाखवलं की एखाद्या वस्तूचे तीन ते पाच फोटो आणि एक निरर्थक शब्द दिला तर मॉडेल तो शब्द त्या वस्तूला जोडतं. चेहरा किंवा कुत्रा असेल तर एवढ्यात भागतं, कारण कुत्र्याचा कान थोडा इकडेतिकडे झाला तरी कोणी मोजत नाही. बाटली लोक मोजतात.

आपण एक उदाहरण धरू. बाटली १८० मिलिमीटर उंच, ६० मिलिमीटर रुंद, गोल, तपकिरी काच, काळं आट्यांचं झाकण. लेबलवर तीन गोष्टी आहेत: १४ मिलिमीटर उंच अक्षरात ब्रँडचं नाव, त्याखाली ४ मिलिमीटरमध्ये प्रकार आणि तळाला सव्वा मिलिमीटरच्या अक्षरात घटक, पत्ता वगैरे.

आकार बिघडतो तो बहुतेक वेळा ट्रेनिंगमुळे नाही, फोटोंमुळे. मोबाइल बाटलीच्या जवळ नेऊन, जरा वरून खाली बघत फोटो काढला की झाकण लेन्सच्या जवळ आणि तळ लांब, त्यामुळे तळ अरुंद दिसतो. आता असे काही फोटो आणि लांबून सरळ काढलेले काही फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकले तर मॉडेलला कसं कळणार की बाटली खालून निमुळती आहे की फोटोच तसा आहे? ते मधला मार्ग काढतं आणि मग प्रत्येक इमेजमध्ये खांदे किंचित वेगळे येतात. त्यामुळे कॅमेरा दीड मीटर लांब न्यायचा, झूम करायचा, लेन्स बाटलीच्या मध्यावर ठेवायची. वरून बघितलेले फोटो हवेतच, पण तेही लांबूनच काढायचे.

चोवीसेक फोटो पुरतात, पण ते एकमेकांपेक्षा वेगळे पाहिजेत. पांढऱ्या बॅकग्राउंडवर कापून ठेवलेले कॅटलॉगचे फोटो सगळ्यांकडे तयार असतात म्हणून तेच टाकायचा मोह होतो, आणि मग बाटली कुठेही ठेवली तरी चिकटवल्यासारखी दिसते, काचेच्या कडेला पांढरी रेघ, टेबलावर प्रतिबिंब नाही. अजून एक खोडी चकाकीची. स्टुडिओत लाइट नेहमी डावीकडे असतो, त्यामुळे प्रत्येक फोटोत डाव्या खांद्यावर एक उभी पांढरी पट्टी पडते, आणि मॉडेलच्या मते ती पट्टी बाटलीचाच भाग. नंतर तुम्ही उजवीकडून ऊन मागा, संध्याकाळ मागा, ती पट्टी डावीकडेच ठाण मांडून बसते. उपाय सोपा आहे, लाइट फिरवत राहायचं. लेबल बाजूनं दिसणारे, हातात धरलेले, अर्धवट झाकलेले असेही थोडे फोटो पाहिजेत.

मग प्रत्येक फोटोला कॅप्शन. इथे नियम जरा उलटा वाटतो: जे बदलू शकतं तेच लिहायचं, जे कायम राहिलं पाहिजे ते लिहायचं नाही. कॅप्शनमध्ये टेबल, ऊन, हिरवं बॅकग्राउंड लिहिलं की मॉडेल त्या गोष्टी त्या त्या शब्दांच्या खात्यावर टाकतं, आणि जे उरतं, म्हणजे काच, मान, झाकण, लेबल, ते सगळं तुमच्या खास शब्दाला चिकटतं.

```
zkbotl bottle on a wooden table, light from the right, blurred green background
```

इथे zkbotl हा आपला बनवलेला शब्द. brown glass किंवा black cap लिहिलं नाही, मुद्दामच. सेटिंगमध्ये एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघायची. फोटो कमी असले की ते आरशासारखे उलटे करून दुप्पट करायची सोय बऱ्याच ट्रेनिंग टूल्समध्ये असते. चेहऱ्याला ती चालून जाते, लेबल मात्र उलटं छापलं जातं आणि मॉडेल सुलट-उलट अक्षरांची खिचडी शिकतं. लोरा ट्रेन करायच्या kohya च्या स्क्रिप्ट वापरत असाल तर फोल्डरच्या सेटिंगमध्ये एवढं हवं:

```
num_repeats = 10
flip_aug = false
color_aug = false
random_crop = false
```

२४ फोटो, प्रत्येकी १० वेळा, एका पायरीला एकच फोटो दिला तर एका फेरीत २४० पायऱ्या. आठ फेऱ्या केल्या की १९२०. लर्निंग रेट, म्हणजे एका पायरीत आकडे किती हलवायचे ते, 1e-4 पासून सुरू करायचा आणि प्रत्येक फेरीनंतर फाइल सेव्ह करायची. स्क्रीनवर जो लॉसचा, म्हणजे मॉडेल किती चुकतंय त्याचा, आकडा खालीवर होत असतो त्याच्याकडे बघून काही कळत नाही, त्यापेक्षा आठही फाइलींवर तोच प्रॉम्प्ट आणि तोच सीड, म्हणजे इमेजची सुरुवात ठरवणारा आकडा, देऊन इमेज काढायच्या आणि शेजारीशेजारी लावायच्या. सुरुवातीच्या फेऱ्यांत बाटली नुसती तुमच्या बाटलीच्या प्रकारातली दिसते, पुढे तुमची होते आणि त्याच्याही पुढे बिघडायला लागते. बिघाड ओळखायची माझी आवडती चाचणी म्हणजे प्रॉम्प्टमध्ये दोन वस्तू मागायच्या, तुमची बाटली आणि शेजारी साधी पाण्याची बाटली. पाण्याच्या बाटलीवरही तुमचं लेबल आलं तर ट्रेनिंग जास्त झालंय, आधीची फाइल घ्या. तरीही तसंच होत असेल तर साध्या बाटल्यांचे काही फोटो, खास शब्द न लावता, ट्रेनिंगमध्ये मिसळायचे, ड्रीमबूथवाल्यांनीही असाच उपाय केला होता.

आकार डोळ्यांनी तपासू नका, डोळा फार लवकर सवय करून घेतो. समोरून दिसणारी इमेज घ्या, पिक्सेल मोजा. आपल्या बाटलीचं उंची-रुंदी प्रमाण ३ आहे, म्हणजे ७२० पिक्सेल उंच असेल तर रुंदी २४० यायला हवी. २५२ आली तर बाटली ५ टक्के जाड झालीय, आणि ती दुकानातल्या बाटलीशेजारी ठेवली की लगेच दिसते. खऱ्या फोटोची बाह्यरेषा काढून वर ठेवली तर मान आणि खांदेही कळतात.

आता लेबल. इथे लोक महिनाभर ट्रेनिंग करत बसतात आणि प्रश्न मुळात ट्रेनिंगचा नसतोच. स्टेबल डिफ्यूजन एक्सएलसारखं मॉडेल पिक्सेलवर काम करत नाही, ते इमेज आधी दाबून लहान करतं. १०२४ बाय १०२४ ची इमेज १२८ बाय १२८ घरांची होते, म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलचा एक चौकोन एका घरात. त्या चौकोनात लाल-हिरवा-निळा धरून १९२ आकडे होते, घरात उरतात ४. काही नवीन मॉडेलं १६ ठेवतात, म्हणून त्यांची अक्षरं बरी येतात.

हे आपल्या बाटलीला लावून बघू. ७२० पिक्सेल भागिले १८० मिलिमीटर, म्हणजे एका मिलिमीटरला ४ पिक्सेल. ब्रँडचं नाव ५६ पिक्सेल उंच, सात घरं, ते ट्रेनिंगनं नीट येतं. प्रकाराचं नाव १६ पिक्सेल, दोन घरं, कधी बरोबर तर कधी एखादं अक्षर विरघळलेलं. आणि तळाची बारीक अक्षरं ५ पिक्सेलची, एका घरापेक्षाही लहान. ती कुठल्याही रँकनं, कितीही फेऱ्यांनी यायची नाहीत. खात्री करायची असेल तर खरा फोटो १०२४ ला घ्या, मॉडेलच्या त्या दाबणाऱ्या भागातून, ज्याला व्हीएई म्हणतात, नुसता आत घालून बाहेर काढा. लोरा नाही, प्रॉम्प्ट नाही. जी अक्षरं इथेच फुटतात ती शिकवण्यात वेळ घालवू नका.

मधल्या आकाराच्या अक्षरांसाठी एक मार्ग आहे: इमेज झाली की फक्त लेबलचा भाग कापायचा, मोठा करून १०२४ ला न्यायचा, तिथे त्याच लोरानं हलकंसं पुन्हा रंगवून परत जागेवर बसवायचा. १६ पिक्सेलचं अक्षर ४० ते ५० पिक्सेलचं झालं की त्याला पुरेशी घरं मिळतात. बारीक मजकुरासाठी मात्र छपाईची मूळ फाइलच वर बसवावी लागते, दुसरा इलाज मला तरी दिसत नाही.

ती बसवतानाही गोलाईचा हिशोब आहे. आपल्या बाटलीची त्रिज्या ३० मिलिमीटर. सपाट लेबलवर मध्यापासून २० मिलिमीटरवर असलेलं अक्षर समोरून साडेअठरा मिलिमीटरवर दिसतं, पण ४० मिलिमीटरवरचं दिसतं फक्त २९ वर. म्हणजे कागदावरचा दुसरा २० मिलिमीटरचा पट्टा जेमतेम साडेदहा मिलिमीटरमध्ये दाबला जातो. हे न करता लेबल नुसतं वाकवलं की कडेची अक्षरं जास्त रुंद राहतात आणि बघणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण खोटं वाटतं. सावली आणि चकाकी मात्र मॉडेलनं काढलेल्या लेबलवरूनच घ्यायची, फोटो एडिटरमध्ये वरच्या थरात सावली मल्टिप्लाय मोडनं आणि चकाकी स्क्रीन मोडनं मिसळायची, कारण प्रकाशाचं काम मॉडेल खरंच छान करतं.

याचा एक फायदा नंतर कळतो. घटकांची यादी बदलली किंवा बारीक मजकुरात काही भर पडली तर नवी छपाईची फाइल बसवायची, लोरा तोच चालतो. ब्रँडचं नाव किंवा लेबलचा रंग बदलला तर मात्र ट्रेनिंग पुन्हा, आणि झाकण बदललं तरीही पुन्हा, जुने फोटो मात्र या वेळी फोल्डरमधून काढून टाकायचे, नाहीतर अर्ध्या इमेजमध्ये जुनं झाकण येत राहतं.